यूएसबी ३ चा ड्राइव्ह यूएसबी २ च्या वेगाने जोडला जातो तेव्हा: केबल, पोर्ट आणि हब कसे तपासावेत

एक्स्टर्नल हार्ड डिस्क नीट उघडते, फायली दिसतात, कुठेही एरर नाही, पण कॉपी करायला घेतली की आकडा ३५ ते ४० एमबी प्रति सेकंदाच्या वर सरकतच नाही. मोठी फाईल असो वा छोटी, वाचायचं असो वा लिहायचं, वेग तिथेच अडतो. अशी सपाट मर्यादा दिसली की बहुतेक वेळा डिस्क बिघडलेली नसते. डिस्क आणि कॉम्प्युटर यूएसबी ३ वर बोलण्याऐवजी यूएसबी २ वर बोलत असतात.

फरक किती पडतो बघा. यूएसबी २ चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० एमबी आणि प्रत्यक्षात चाळीसच्या आसपास. यूएसबी ३ चा वेग ५ गिगाबिट, त्यातून प्रत्यक्षात ४०० एमबीपर्यंत मजल जाते. अडीच इंची साधी हार्ड डिस्क स्वतःच १०० ते १४० एमबी देते, तेव्हा १०० जीबीची कॉपी एरवी बारा ते सतरा मिनिटांत व्हायला हवी. यूएसबी २ वर तिला चाळीस मिनिटांहून जास्त लागतात. एसएसडी असेल तर तफावत दहा पटींची.

असं गुपचूप का होतं

यूएसबी ३ म्हणजे जुन्याच तारांवर वेग वाढवलेला नाही. यूएसबी २ च्या केबलमध्ये चार तारा असतात: दोन वीजपुरवठ्याच्या आणि डेटाची एक जोडी. यूएसबी ३ ने या चार तारा जशाच्या तशा ठेवल्या आणि शेजारी नव्या तारा आणल्या: डेटा पाठवायची एक जोडी, घ्यायची एक जोडी आणि एक ग्राउंड. एकाच केबलमध्ये दोन स्वतंत्र रस्ते शेजारी शेजारी धावतात.

ड्राइव्ह लावला की दोन्ही बाजू आधी नव्या जोड्यांवर एकमेकांना हाक मारून बघतात. तिथून उत्तर आलं नाही, किंवा सिग्नल इतका खराब आला की जुळणी होत नाही, तर ड्राइव्ह मुकाट्याने जुन्या जोडीवर जातो आणि तिथे सुरू होतो. जुना रस्ता शाबूत असल्यामुळे सगळं चालू दिसतं. नव्या तारांपैकी एक तुटली, एका पिनेवर कचरा बसला किंवा मधल्या एखाद्या तुकड्यात त्या तारा मुळातच नसल्या, तरी परिणाम हाच. म्हणून शोध एकाच प्रश्नाचा घ्यायचा: नव्या जोड्यांचा रस्ता नेमका कुठे तुटतो?

आधी खात्री करा की दुखणं हेच आहे

कॉपीच्या वेगावरून निदान करू नका. हजारो छोट्या फायली कॉपी करताना उत्तम डिस्कही रेंगाळते, आणि स्वस्त पेन ड्राइव्ह यूएसबी ३ वर जोडलेला असूनही २० एमबीने लिहितो, कारण त्याची चिपच तेवढी. ड्राइव्ह कोणत्या वेगाने जोडला गेलाय हे ऑपरेटिंग सिस्टिमलाच विचारा.

लिनक्सवर एकच कमांड पुरते:

```
lsusb -t
```

ड्राइव्हच्या ओळीच्या शेवटी `480M` असेल तर तो यूएसबी २ वर आहे. `5000M` किंवा `10000M` असेल तर यूएसबी ३ वर. मॅकवर System Information उघडून USB विभागात ड्राइव्हवर क्लिक करा आणि वेगाची ओळ वाचा: `Up to 480 Mb/s` की `Up to 5 Gb/s`. विंडोजवर USB Device Tree Viewer हे मोफत टूल उतरवून ड्राइव्ह निवडला की `Device Bus Speed` अशी ओळ मिळते.

इथे नावाचा एक सापळा आहे आणि त्यात खूपजण फसतात. `High-Speed` असं दिसलं की वाटतं, वेग चांगला आहे. पण हाय-स्पीड हे यूएसबी २ च्याच ४८० मेगाबिटचं अधिकृत नाव आहे. आपल्याला हवा तो शब्द `SuperSpeed`. लिनक्सवर `dmesg` मध्येही हेच शब्द येतात: `new high-speed USB device` म्हणजे अडकलं, `new SuperSpeed USB device` म्हणजे बरोबर.

दुसरी शंका अशी असू शकते की ड्राइव्हच मुळात यूएसबी २ चा असेल. तेही ड्राइव्हलाच विचारता येतं. यूएसबी ३ चा ड्राइव्ह यूएसबी २ वर अडकलेला असला तरी आपली खरी कुवत सांगतो. `lsusb` ने त्याचा आयडी काढा आणि खालच्या कमांडमध्ये `1234:5678` च्या जागी तो घाला:

```
sudo lsusb -v -d 1234:5678 | grep -E "bcdUSB|SuperSpeed"
```

`bcdUSB 2.10` आणि सोबत `SuperSpeed USB Device Capability` अशी ओळ आली, तर ड्राइव्ह सांगतोय की मी यूएसबी ३ चा आहे, मला तो रस्ता मिळाला नाही. ही दुसरी ओळ महत्त्वाची, कारण `2.10` हा आकडा एकटा यूएसबी २ च्या काही उपकरणांतही दिसतो. नुसतं `2.00` आलं आणि `SuperSpeed` चं नावच नाही, तर पुढचं काही करायची गरज नाही. तो ड्राइव्ह यूएसबी २ चाच आहे.

साखळी तोडा आणि सर्वांत आखूड करा

इथून पुढचा क्रम पाळणं महत्त्वाचं आहे. हब, डॉक, एक्स्टेंशन केबल, कन्व्हर्टर असं मधलं सगळं काढा. ड्राइव्ह आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एकच आखूड केबल ठेवा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा, कॅबिनेटच्या पुढचा नको. या किमान जोडणीवर `5000M` मिळेपर्यंत दुसरं काहीही जोडू नका. ते मिळालं की एक एक तुकडा परत लावायचा आणि दर वेळी वेग बघायचा.

उलट क्रमाने, म्हणजे सगळं जोडलेलं ठेवून एकेक वस्तू बदलत गेलं, तर फसगत होते. साखळीत दोन दोष असले की एक दुरुस्त करूनही आकडा हलत नाही आणि आपण बरोबर दुरुस्ती चूक समजून परत फिरवतो. दोन दोष एकत्र असणं मुळीच विरळ नाही. पुढे अशाच एका जोडणीची तपासणी क्रमाने मांडली आहे.

प्रत्येक वेळी ड्राइव्ह सिस्टिममधून नीट इजेक्ट करून मगच काढा. आणि लावताना प्लग सरळ धरून एका दमात, पूर्ण आत बसेपर्यंत ढकला. हे सांगण्यामागे कारण आहे. नेहमीच्या आयताकृती टाइप-ए प्लगमध्ये जुन्या चार पट्ट्या आणि नव्या पाच पिना वेगवेगळ्या खोलीवर असतात. प्लग हळूहळू सरकवला किंवा अर्धवट बसला, तर जुना संपर्क आधी होऊन ड्राइव्ह यूएसबी २ वर सुरू होऊ शकतो आणि मग तिथेच राहतो. बऱ्याचदा सगळा बिघाड एवढाच असतो.

केबल

सर्वाधिक वेळा दोषी हीच, म्हणून सुरुवात हिच्यापासून.

अडीच इंची डिस्कवर बहुतेकदा मायक्रो-बी प्रकारचं रुंद, दोन कप्प्यांचं सॉकेट असतं. मोठा कप्पा म्हणजे जुन्या मोबाइल चार्जरचंच मायक्रो यूएसबी, आणि त्याला चिकटलेल्या छोट्या कप्प्यात यूएसबी ३ च्या पाच पिना. म्हणूनच जुन्या मोबाइलची केबल या सॉकेटच्या मोठ्या अर्ध्यात चपखल बसते आणि डिस्क सुरू होते, पण कायम यूएसबी २ वर. सॉकेटचा एक भाग रिकामा दिसत असेल तर केबल चुकीची आहे, तपासणी तिथेच संपली.

केबलचा प्लगही उजेडात धरून बघा. टाइप-ए टोकाच्या आत पुढे चार रुंद पट्ट्या दिसतील. त्यांच्या मागे, खोलवर, पाच बारीक पिना दिसायला हव्यात. त्या पाच नसतील तर प्लॅस्टिकचा रंग निळा असला तरी ती केबल यूएसबी २ ची.

टाइप-सी केबलमध्ये बाहेरून काहीच कळत नाही आणि तिथे गफलत जास्त होते. मोबाइल किंवा लॅपटॉपच्या चार्जरसोबत येणारी सी-टू-सी केबल जाडजूड असते, ६० किंवा १०० वॉट वाहून नेते, पण अनेकदा तिच्यात डेटासाठी फक्त यूएसबी २ ची जोडी असते. वॉटचा आकडा डेटाच्या वेगाबद्दल काहीही सांगत नाही. केबलवर किंवा तिच्या खोक्यावर ५, १० किंवा २० जीबीपीएस असं लिहिलेलं असेल तरच ती या कामाची धरा. सगळ्यांत खात्रीची केबल म्हणजे ड्राइव्हच्या खोक्यात आलेली.

लांबीही बघा. ५ गिगाबिटचा सिग्नल तारेत लवकर क्षीण होतो. साध्या केबलला तीन मीटरच्या पुढे भरवसा नाही, टाइप-सीला दोन मीटरच्या पुढे नाही, आणि स्वस्त केबल दीड मीटरलाही दगा देते. एक्स्टेंशन लावली की लांबी वाढतेच, शिवाय एक जोड वाढतो आणि प्रत्येक जोडात सिग्नलचा थोडा भाग गळतो. तपासणीसाठी अर्ध्या मीटरची केबल उत्तम.

तार आतून तुटत चालली असेल तर खूण वेगळी: कधी `5000M`, कधी `480M`, एकाच पोर्टवर. अशा वेळी ड्राइव्ह आधी अनमाउंट करा, म्हणजे तो सुटला तरी डेटाला धोका राहत नाही, आणि ही कमांड चालू ठेवा:

```
sudo dmesg -w
```

आता प्लगच्या मानेपाशी केबल हलकेच वाकवा. स्क्रीनवर `USB disconnect` आणि पाठोपाठ `new high-speed USB device` उमटलं, तर केबल किंवा सॉकेट यांपैकी एक गेलं आहे. `Cannot enable. Maybe the USB cable is bad?` हा संदेश आला तर नव्या जोड्यांवर जुळणी फसते आहे. त्यात केबलचं नाव असलं तरी मळलेला पोर्टही तोच संदेश देतो. चांगल्या केबलने तीच कसरत परत करा, म्हणजे दोष कुठल्या बाजूला आहे ते वेगळं पडेल.

पोर्ट

निळा रंग ही यूएसबी ३ ची चांगली खूण आहे, पण त्याची सक्ती नाही. काळा पोर्ट यूएसबी ३ चा असू शकतो आणि टाइप-सीला तर असा रंग नसतोच. पोर्टशेजारी यूएसबीच्या त्रिशूळासोबत `SS` अक्षरं किंवा ५, १० असा आकडा कोरलेला असेल तर तो विश्वासाचा. नसेल तर मदरबोर्ड किंवा लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये बघा. अनेक लॅपटॉपवर एका बाजूचा पोर्ट यूएसबी ३ आणि दुसऱ्या बाजूचा यूएसबी २ असतो.

कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टचा इतिहास नेहमी तपासा. तो आतून एका केबलने मदरबोर्डला जोडलेला असतो. यूएसबी ३ ची ती केबल जाड असते आणि मदरबोर्डवरच्या १९ पिनांच्या मोठ्या जोडणीवर, म्हणजे हेडरवर बसते, यूएसबी २ चं हेडर ९ पिनांचं छोटं. मदरबोर्डवर १९ पिनांची जागा नाही म्हणून जोडणाऱ्याने १९ वरून ९ चं कन्व्हर्टर लावलं असेल, तर बाहेर निळे दिसणारे ते पोर्ट कधीच यूएसबी ३ देणार नाहीत. मोठ्या हेडरच्या पिना नाजूक असतात, प्लग तिरका दाबला तर एखादी आडवी होते. मग दोनपैकी एकच पोर्ट वेगात चालतो, दुसरा ४८० वर थांबतो.

आता पोर्टच्या आत बघा. टाइप-ए सॉकेटमधल्या जिभेच्या अगदी पुढच्या कडेला पाच बारीक चकत्या असतात, त्याच यूएसबी ३ च्या. कडेला असल्यामुळे धूळ, हाताचा चिकटपणा आणि घासणं यांचा पहिला मार त्यांनाच बसतो. कॉम्प्युटर बंद करून, लॅपटॉप असेल तर चार्जर काढून, दाबाची हवा मारा. मळ चिकटलेला असेल तर लिंट न सोडणाऱ्या पातळ काडीवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब घेऊन जिभेवरून अलगद फिरवा आणि दहा मिनिटं वाळू द्या. टाइप-सी सॉकेटच्या तळाशी खिशातले धागे दबून बसतात, ते लाकडी टूथपिकने काढा. सुई किंवा पिन आत घालू नका.

टाइप-सीसाठी एक सुंदर चाचणी आहे, खर्च शून्य. प्लग काढा, उलटा करा, परत लावा. सॉकेटमध्ये नव्या जोड्यांचे दोन संच असतात आणि प्लग कोणत्या अंगाने बसला त्यावर कुठला संच वापरला जाईल ते ठरतं. यूएसबी २ ची जोडी मात्र दोन्हीकडे सारखीच. म्हणून एका बाजूने `5000M` आणि दुसऱ्या बाजूने `480M` आलं, तर एका संचाच्या पिना मळल्या किंवा तुटल्या आहेत हे पक्कं. केबलच्या दोन्ही टोकांना वेगवेगळं करून बघा, दोष कोणत्या टोकाकडे आहे तेही कळेल. सफाईने गेलं नाही तर चांगल्या बाजूवर खडूची खूण करून काम चालवता येतं.

हब

यूएसबी ३ चा हब म्हणजे एका डबीत दोन हब: एक जुन्या जोडीचा, एक नव्या जोड्यांचा. दोघांमध्ये वेगाची अदलाबदल होत नाही. हब स्वतः कॉम्प्युटरला यूएसबी २ वर जोडला गेला, तर त्याच्या पुढचं सगळं यूएसबी २ वरच चालणार, ड्राइव्ह कितीही वेगवान असो. आणि ही जोडगोळीच आपल्याला दोष कुठे आहे ते सांगते.

अडीच इंची डिस्क, मायक्रो-बी केबल, चार पोर्टचा हब आणि कॅबिनेटचा पुढचा पोर्ट, अशी जोडणी घेऊ. `lsusb -t` असं दाखवतं:

```
/:  Bus 02.Port 1: Dev 1, Class=root_hub, Driver=xhci_hcd/6p, 5000M
/:  Bus 01.Port 1: Dev 1, Class=root_hub, Driver=xhci_hcd/12p, 480M
    |__ Port 3: Dev 4, If 0, Class=Hub, Driver=hub/4p, 480M
        |__ Port 2: Dev 7, If 0, Class=Mass Storage, Driver=uas, 480M
```

बस २ ही यूएसबी ३ ची बाजू, आणि ती रिकामी आहे. हब फक्त बस १ वर दिसतो. म्हणजे हबचा अर्धा भागच जोडला गेलाय, आणि एक दोष नक्की हब आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये आहे. डिस्कच्या केबलबद्दल या चित्रातून काहीच सांगता येत नाही.

पहिली पायरी: हब काढला, डिस्क तिच्याच केबलने मागच्या पोर्टवर लावली. तरीही `480M`. पोर्ट खरा आहे ना हे दुसऱ्या यूएसबी ३ पेन ड्राइव्हने बघितलं, त्याला `5000M` मिळालं. मग पोर्ट सुटला, राहिली केबल आणि डिस्क. दुसरी पायरी: डिस्कची केबल बदलली. `5000M`. पहिला दोष सापडला. तिसरी पायरी: त्याच मागच्या पोर्टवर हब लावला, नव्या केबलने डिस्क हबवर. परत `480M`, आणि हब अजूनही एकट्या बस १ वर. हब सुट्या केबलने जोडणारा होता. त्याच्या चौकोनी टाइप-बी सॉकेटला वर एक छोटा माळा असतो, यूएसबी ३ च्या पिना तिथे. लावलेली केबल प्रिंटरची, म्हणजे यूएसबी २ ची होती, ती खालच्या भागात नीट बसते आणि माळा रिकामा राहतो. योग्य केबल लावल्यावर हब दोन्ही बसवर दिसू लागला आणि डिस्क बस २ खाली आली. शेवटची पायरी: हब पुढच्या पोर्टवर नेला, `5000M` टिकलं. पुढचा पोर्ट निर्दोष.

या प्रकरणात नुसती डिस्कची केबल बदलून थांबलं असतं तर आकडा ४८० वरच राहिला असता आणि नवी केबल वाया गेली असं वाटलं असतं.

हब दोन्ही बसवर दिसतो, पण डिस्क मात्र बस १ च्या हबखाली लटकते, असं चित्र असेल तर अर्थ उलटा: हबपर्यंतचा रस्ता ठीक, दोष हबचा तो पोर्ट, डिस्कची केबल किंवा डिस्क यांत. हबचा पोर्ट बदलून बघा. चारपैकी दोनच पोर्ट यूएसबी ३ असलेले हबही मिळतात. विंडोजवर हीच पडताळणी Device Manager मध्ये View मेनूतून Devices by connection निवडून होते: ड्राइव्ह `Generic SuperSpeed USB Hub` खाली असावा, नुसत्या `Generic USB Hub` खाली नव्हे.

विजेचंही एक. यूएसबी ३ पोर्ट ९०० मिलिअँपिअर देण्यास बांधील आहे. स्वतंत्र अडॅप्टर नसलेला हब तेवढ्यातच सगळ्यांचं भागवतो. दोन हार्ड डिस्क एकदम फिरायला लागल्या की व्होल्टेज खाली येतं, डिस्क टक्-टक् करते, सुटते आणि परत जोडली जाताना कधी यूएसबी २ वर बसते. कामाच्या मधेच वेग कोसळत असेल तर हबला अडॅप्टर द्या किंवा एक डिस्क थेट लावा.

टाइप-सी डॉकची गोष्ट निराळी, तिथे बिघाड नसतानाही असं होतं. त्या केबलमध्ये वेगवान जोड्या चारच असतात. डॉकवरून मोठ्या रिझोल्यूशनचा मॉनिटर चालतो तेव्हा काही डॉक चारही जोड्या चित्रासाठी घेतात आणि यूएसबीला फक्त जुनी जोडी उरते. ओळखायचं सोपं: मॉनिटरची केबल काढा, डॉक परत लावा, वेग बघा. `5000M` आलं तर ही त्या डॉकच्या रचनेची मर्यादा आहे. यूएसबी हब असलेल्या काही मॉनिटर्सच्या मेनूत डेटाचा वेग की रिझोल्यूशन अशी निवड मिळते. ती नसेल तर डिस्क लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टवर लावा.

केबल, पोर्ट, हब तिन्ही ठीक असूनही ४८०

तोच ड्राइव्ह, चांगल्या केबलने, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. तिथे ५००० मिळालं तर पहिल्या मशिनच्या बायोसमध्ये `xHCI`, म्हणजे यूएसबी ३ च्या कंट्रोलरची सेटिंग बंद नाही ना ते पाहा, विशेषतः मशिन जुनं असेल तर. ड्राइव्ह टीव्हीला किंवा राउटरला जोडलेला असेल तर त्याची सेटिंग उघडा. काही राउटर यूएसबी ३ मुद्दाम २ वर ठेवतात, कारण यूएसबी ३ चा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला त्रास देतो.

दुसऱ्या मशिनवरही ४८० च आलं तर ड्राइव्हचं सॉकेट किंवा आतल्या डिस्कची साटा जोडणी यूएसबीत बदलणारा ब्रिज बोर्ड गेला. वारंवार ओढाताण झालेल्या मायक्रो-बी सॉकेटचे बारीक सोल्डर जोड सुटतात, आणि तेच जोड पुढे जुन्या जोडीचेही सुटू शकतात. त्यामुळे दुरुस्तीच्या आधी डेटा काढून घ्या, वेग कमी असला तरी. ३८ एमबीने १ टीबी उतरायला सव्वासात तासांच्या वर लागतात, रात्री लावून ठेवा आणि केबल हलणार नाही अशी डिस्क सपाट ठेवा. मग आतली डिस्क नव्या केसमध्ये घालायचा विचार करा, पण दोन गोष्टी बघून: काही अडीच इंची डिस्कच्या स्वतःच्या बोर्डवरच यूएसबी सॉकेट असतं, तिथे साटाची जागाच नसते. आणि काही ब्रिज बोर्ड डेटा एन्क्रिप्ट करून लिहितात, अशी डिस्क दुसऱ्या केसमध्ये घातली की रिकामी दिसते.